टिश्यूचा ब्लाउज

ईशाने पिशवीतून कापड काढून टेबलावर पसरले, तेव्हा सुमनकाकूंनी आधी पदराला हात पुसले आणि मगच त्याचे एक टोक दोन बोटांत धरून उजेडासमोर उचलले. फिकट सोनेरी टिश्यू होते ते. उभ्या धाग्यात बारीक रेशीम, आडव्यात जर, आणि वीण इतकी विरळ की पलीकडच्या खिडकीचे गज त्यातून मोजता येत होते.

“काकू, साडीच्या काठाशी अगदी जुळतो ना हा रंग? तीन आठवडे शोधत होते,” असे म्हणत ईशाने फोनमधले छायाचित्र पुढे केले. पुढून प्रिन्सेस कट, अंगाबरोबर बसलेला. मागे पाठ जवळजवळ कमरेपर्यंत उघडी, खाली चार बोटे रुंदीची पट्टी, वर मानेखाली एकच डोरी आणि तिला जड लटकने. लग्नाला 13 दिवस राहिले होते.

काकूंनी छायाचित्र बोटांनी मोठे करून डोरी जिथे कापडाला जोडली होती ती जागा बराच वेळ पाहिली. मग त्या म्हणाल्या, “रंग सुरेख आहे आणि हे डिझाइनही तुला शोभेल. पण या कापडात हे डिझाइन टिकणार नाही. नुसतं सांगून तुला पटायचं नाही, म्हणून करून दाखवते. काठाजवळचा वीतभर तुकडा कापू का?”

ईशाने मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला होता.

काकूंनी मशीनला सर्वांत बारीक सुई लावली, तुकड्याचे दोन भाग उभ्या धाग्याच्या दिशेने जोडून शिवले, शिवण इस्त्रीने नीट बसवली आणि तो तुकडा तिच्या हातात दिला. “दोन्हीकडून धर आणि सावकाश ओढ. अंगावर ब्लाउज असताना वाकून कुणाला नमस्कार केलास, तर पाठीवर साधारण एवढाच ताण येतो.”

पहिल्या ओढीला काहीच झाले नाही. दुसऱ्या ओढीला शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक फट उघडू लागली. उभे रेशमी धागे जरीवरून बाजूला घसरले आणि मध्ये नुसत्या जरीच्या तारा शिडीच्या पायऱ्यांसारख्या उरल्या. ईशाने ओढणे थांबवले, तरी फट मिटली नाही.

“टाके तुटले का बघ,” काकू म्हणाल्या.

ईशाने जवळ नेऊन पाहिले. “नाही. एकही नाही.”

“तेच तर सांगायचं होतं. शिलाई शाबूत आहे, कापडच सरकलंय. सुती कापडात धागे खरखरीत असतात आणि वीणही दाट असते, त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. इथे जर चपटी आणि गुळगुळीत, रेशीमही गुळगुळीत, आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा. त्यांना धरून ठेवणारं काहीच नाही. टाका लहान केला तर सुईची भोकं आणखी जवळ येतात आणि कापड त्या रेषेवर जास्त अशक्त होतं.”

“पण अस्तर असेलच ना? दुहेरी लावा हवं तर.”

प्रश्न योग्य होता आणि काकूंना तो आवडला. एरवी त्या कमी बोलत. पण कापडाविषयी कुणी मनापासून विचारले की त्यांना घाई राहत नसे. त्यांनी खडू घेऊन टेबलावरच पाठीचा आकार काढला.

“अस्तर जरा घट्ट आणि वरचं कापड किंचित सैल कापलं, तर ताण अस्तरावर जातो. बंद पाठीच्या ब्लाउजमध्ये मी तसंच करते. पण इथे पाठ आहेच कुठे? सगळा भार या खालच्या पट्टीवर, दोन खांद्यांवर आणि डोरीच्या या दोन टोकांवर. डोरी बांधताना तुझी बहीण ती चांगली आवळून बांधणार, वर लटकनांचं वजन. ती ओढ नेमकी कडेवर येते, आणि कडेला वरचं कापड अस्तराबरोबर एकाच शिवणीत अडकलेलं असतं. तिथे अस्तर टिकेल, टिश्यू मात्र फाकेल. शिवाय प्रिन्सेस कटची शिवण छातीवरून वळते. वळणावर ती सपाट बसावी म्हणून आतल्या मायेला कातरे द्यावे लागतात. यात कातरा दिला की धागे टाक्यापर्यंत उसवत येतात, आणि नाही दिला तर शिवणीला चुण्या पडतात.”

एवढ्यावर थांबावे की नाही, असा क्षणभर विचार करून त्या पुढे बोलल्या. “मी एकदा असा ब्लाउज शिवून दिला आहे. मुलीचा हट्ट होता आणि मला नाही म्हणवलं नाही. लग्नानंतर तो माझ्याकडे परत आला, मुंढ्यापासून खाली बोटभर फाकलेला. तिनं सगळा वेळ पदर खांद्यावर ओढून घेतला होता. ती मला एक शब्दही बोलली नाही, पण कापड हातात घेतल्याबरोबर मला जे कळलं होतं ते मी तिला सांगायला हवं होतं.”

ईशाने फाकलेला तुकडा पुन्हा हातात घेतला. तिने फट नखाने मिटवायचा प्रयत्न केला. धागे थोडे जवळ आले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत.

“आणि ट्रायलनंतर सैल-घट्ट करायचं झालं तर?”

“यात ते करता येत नाही. टाके उसवले की भोकांची रांग तशीच दिसत राहते. लग्नाआधीच्या धावपळीत अंग थोडंफार उतरतंच, त्यामुळे मला बाजूची शिवण एकदा तरी उघडावी लागणार.”

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग ईशाने विचारले, “मग मी यातलं काय सोडू? रंग की पाठ?”

“तुला जास्त काय हवंय, ते आधी सांग.”

“पाठ,” ती लगेच म्हणाली आणि स्वतःच थोडी चकित झाली. “पण हे कापडही वाया जाऊ नये असं वाटतं.”

“वाया कशाला जाईल? टिश्यूला ताण सोसत नाही, पण दिलेला आकार ते स्वतःच धरून ठेवतं. मऊ कापडाला ते जमत नाही.” काकूंनी उरलेले टिश्यू हातात गोळा करून त्याच्या चुण्या पाडल्या आणि ईशाच्या दंडाशी धरल्या; कापड फुगून तसेच उभे राहिले, आणि आरशात तिच्या कोपरापर्यंत सोनेरी उजेड पडल्यासारखे दिसले. “अंगाचा भाग रॉ सिल्कचा करू. त्याची वीण दाट असते, ते कातरे सोसतं आणि कडेला आतून कॅनव्हासची पट्टी लावली की डोरीही धरतं. पाठ चित्रात आहे तशीच ठेवू. बाह्या टिश्यूच्या, चुणीदार. तिथे भरपूर कापड सोडता येतं, म्हणून शिवणीवर ओढ येत नाही.”

ईशा आरशात एकदा समोरून आणि एकदा वळून पाहत राहिली. चित्रातल्या ब्लाउजला बाह्या जवळजवळ नव्हत्याच. तरीही तिने काकूंच्या हातातले कापड खाली घेऊ दिले नाही.

“हे चालेल,” ती शेवटी म्हणाली. “चालेल म्हणजे, मला आवडलंय.”

मग मापे झाली. काकूंनी पाठीचे माप दोनदा घेतले, एकदा तिला सरळ उभे करून आणि एकदा हात पुढे जोडायला लावून, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. टिश्यूचा एक न ओढलेला तुकडा कापून त्यांनी तिच्या पर्समध्ये ठेवला. “रॉ सिल्क घेताना हा जवळ धर. दुकानातल्या दिव्याखाली पाहा आणि बाहेर उन्हातही पाहा, जरीचा रंग दोन्हीकडे वेगळा दिसतो. एक मीटर पुरेल. परवापर्यंत आणलंस तर पुढच्या आठवड्यात पहिली ट्रायल करू.”

ईशा पायऱ्या उतरून गेल्यावर काकूंनी कपाटातून अस्तराचे सुती कापड काढले, बादलीत पाणी घेतले आणि ते भिजत घातले.