सराव प्रश्न : अनुच्छेद ३० आणि प्रशासनाचा हक्क

पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?

(अ) अनुच्छेद ३०(१) चा हक्क फक्त धार्मिक अल्पसंख्याकांना आहे.
(ब) कर्नाटकातील मराठी भाषिक हा हक्क सांगू शकतात, महाराष्ट्रातील नाही.
(क) शासकीय अनुदान स्वीकारताच संस्थेचा प्रशासनाचा हक्क संपतो.
(ड) अनुच्छेद १५(५) मधून अनुदानित अल्पसंख्याक संस्थाही वगळल्या आहेत.

पर्याय : (१) अ, क (२) फक्त ब (३) ब, ड (४) ब, क, ड

उत्तर : (३)

स्पष्टीकरण : ‘अ’ मधला ‘फक्त’ हाच सापळा, अनुच्छेदात धर्म आणि भाषा दोन्ही आहेत. अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरते (टी. एम. ए. पै, २००२, ११ न्यायाधीशांचे पीठ), म्हणून ‘ब’ बरोबर. बहुतेकांचे गुण ‘क’ वर जातात. अनुदानामुळे शिक्षकांची पात्रता, हिशेब, शैक्षणिक दर्जा यांवर वाजवी नियमन येते आणि अनुच्छेद २९(२) लागू होतो. व्यवस्थापन मात्र संस्थेकडेच राहते. उलट, अल्पसंख्याक व्यवस्थापन आहे म्हणून अनुदान नाकारणे ३०(२) ला मान्य नाही. ‘ड’ ही २००५ ची ९३ वी घटनादुरुस्ती.