हिरे शाप असतात का?

खनिजं सापडली की देश बुडतो, हे मला अर्धवटच पटतं. काँगोत तांबं आणि कोबाल्ट ढीगभर, तरी लोक गरीबच, कारण हुकूमशहा मोबुटूच्या काळात खाणींचा पैसा थेट वरच्यांच्या खिशात जायचा आणि हिशोब विचारणारं कोणी नव्हतंच. पण बोट्सवाना बघा, 1966 ला स्वतंत्र, 1967 ला ओरापाला हिरे सापडले, आणि सरकारने डी बीअर्स या हिरे कंपनीसोबत निम्मी-निम्मी भागीदारी करून पैसा रस्ते-शाळांत घातला, वर 1994 मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी बचतीचा पुला फंडही काढला. म्हणजे खोट दगडात नाही, तिजोरी सांभाळणाऱ्यात. अर्थात तिथेही विषमता प्रचंड आहे, खाणीत नोकऱ्या मोजक्याच, आणि हिऱ्याचा भाव पडला की बजेट लगेच लटपटतं.