लुकलुक बंद! नव्या टेबल लॅम्पचं काउंटडाउन

5 दिवस बाकी
(अंधारी खोली, मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा साध्या बल्बवर)
बघा, बल्ब लुकलुकतोय! नुसत्या डोळ्यांना कळत नाही पण 50 हर्ट्झची वीज असेल तर साधं सर्किट असलेला एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आणि आपण त्याच उजेडात रात्र रात्र वाचत बसतो. तुमच्याकडचा दिवा पण असाच चेक करा, खरंच करा.

3 दिवस बाकी
(तोच कॅमेरा, आता आमचा लॅम्प)
लुकलुक गेली ना? एलईडीला सलग डीसी करंट मिळतो म्हणून उजेड स्थिर, डिम केला तरी स्थिर, आणि हे जमवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला कारण बरेच लॅम्प डिम करताना एलईडी भराभर चालू-बंद करत राहतात.

1 दिवस बाकी
(वाकवलेली मान, उघडं पुस्तक)
उजेड पानावर, डोळ्यांत नाही. उद्या भेटू!

आज
वेटलिस्ट उघडली! पहिली बॅच छोटी आहे, ज्याचं नाव आधी त्याला लॅम्प आधी. बायोतल्या लिंकवर नाव आणि ईमेल टाका, आत्ता पैसे भरायचे नाहीत. नंबर आला की मेल येईल, मग 48 तासांत ऑर्डर कन्फर्म करा.