कवठात वसे

"भेट आत आहे," दत्ताकाका म्हणाले आणि त्यांनी पेटी मिहिरसमोर सरकवली. "किल्ली मात्र नाही."

कसब्यातला वाडा पाडायला काढला, तेव्हा काकांनी तुळईचा एक तुकडा मागून घेतला होता. भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांचं आयुष्य पॅटर्न बनवण्यात गेलं. लाकडाचा सांधा त्यांनी केला की तो नखालाही लागत नसे. पेटीच्या दर्शनी बाजूला पितळी दांड्यावर तीन कड्या होत्या. पितळ जुन्या बाजारातून आणलेलं, अक्षरं स्वतः कोरलेली. एकेका कडीवर आठ. झाकणाच्या कडेला बारीक अक्षरात चार ओळी:

तीन अक्षरी नाव माझे, तळ माझा कुणा न गवसे.
डोके उडवा, कवठात वसे.
पोट काढा, भातावर वाढा.
पाय तोडा, सुताराकडे धाडा.

"आठ गुणिले आठ गुणिले आठ," सईताई लगेच म्हणाली. "५१२ शब्द होतात. एकेक फिरवत बसलो तरी रात्रीपर्यंत उघडेल."

"उघडेल की," काका म्हणाले. "पण मग कोडं सुटलं असं नाही म्हणायचं."

मिहिरने पहिली कडी फिरवली. का, ना, पा, मा, सा, वा, ता, रा. प्रत्येक अक्षराला आतून बारीक टक् असा आवाज येत होता. तळ न सापडणारी म्हणजे विहीर, असं त्याच्या मनात आधी आलं होतं, पण 'वि' कुठे होता? मग वादळ जुळवलं. दांडा हलला नाही. कागद, काजळ, नारळ, सगळे शब्द कड्यांवर बसत होते. काकांनी ते मुद्दामच बसवले असणार. नारळावर तो बराच वेळ अडला. नारळाचं पोट काढलं की उरतो नाळ, आणि नाळ काही कुणी भातावर वाढत नाही.

काकू मधे येऊन चहा ठेवून गेल्या. सईताई कंटाळून मोबाइल घेऊन बसली.

त्याने वही ओढली आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. पाय तोडले की दोन अक्षरं उरतात, पहिली दोन. ती सुताराकडे जातात. फळी? पहिल्या कडीवर 'फ' नाही. रंधा? 'रं' नाही, 'रा' आहे. पाट? दुसऱ्या कडीवर 'ट' नव्हता: ग, ज, क, ठ, न, द, व, र. माठ सुताराकडे कशाला जाईल, तो कुंभाराचा. वाद, नाग, पान... वही भरत चालली. विचार करता करता त्याचं बोट पेटीच्या कडेवरून फिरत होतं. तेलकट, पिवळसर तपकिरी, उभ्या रेघांचं लाकूड. वाड्याच्या तुळया कशाच्या होत्या, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत.

"साग!"

सईताईने मान वर केली. मिहिर पुटपुटत होता. "सा, ग, आणि शेवटी काहीतरी. मधला ग काढला की भातावर... सा... सार! काकूंचं आमसुलाचं सार. म्हणजे शेवटी र. आणि कवठात गर."

त्याने तिन्ही कड्या जुळवल्या. सागर. आतल्या खाचा एका रेषेत आल्या, दांडा बोटभर बाहेर सरकला आणि झाकण सुटलं.

"तळ सापडला म्हणायचा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

आत मऊ फडक्यात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी होती, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. मिहिरने ती कंपासपेटीतल्या पट्टीशेजारी ठेवली. शून्याला शून्य भिडवलं. दुसऱ्या टोकाला काकांची तीस सेंटिमीटरची रेघ त्याच्या रेघेच्या पुढे गेली होती. जेमतेम तीन मिलिमीटर.

"काका, ही चुकीची आहे."

"नाही. दोन्ही बरोबर आहेत. मी तीस वर्षं हिच्यावरच मापं घेतली."

मिहिर पट्ट्यांकडे बघत राहिला. दहा सेंटिमीटरला एक मिलिमीटर, वीसला दोन. फरक सारखा वाढत होता, म्हणजे पट्टी कुणीतरी जाणूनबुजून तशी आखली होती.

"तुमच्या लाकडी पॅटर्नवरून साचा करायचे ना? त्यात काय ओतायचे?"

"बीड. वितळलेलं."

"ते निवल्यावर..." तो थांबला, पुन्हा तीन मिलिमीटरकडे बघितलं. "ते निवल्यावर आकसतं का?"

"शंभराला एक," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून त्याच्या शेजारी बसले. "आता पितळ ओतायचं असेल तर पट्टी हीच चालेल का, ते सांग."