समाजमाध्यमांनी माणसं तोडली नाहीत: प्रस्तावाच्या विरोधात भाषण

अध्यक्ष महोदया, परीक्षक आणि मित्रमैत्रिणींनो, ‘समाजमाध्यमांमुळे समाजातले बंध सैल होत आहेत’ या प्रस्तावाला माझा विरोध आहे.

माझ्या आधी बोललेल्या मित्राने रॉबर्ट क्राउट यांच्या १९९८च्या पिट्सबर्गमधल्या संशोधनाचा दाखला दिला. इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं घटलं, असं त्यात आढळलं होतं, हे खरं. पण याच क्राउट यांनी पुढे पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये सांगितलं की, ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरले. हा उत्तरार्ध मित्राने सांगितलाच नाही.

आता टोरांटोजवळची एक नवी वसाहत बघा. कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिचा अभ्यास केला. काही घरांना वेगवान इंटरनेट आणि शेजाऱ्यांची सामायिक ईमेल यादी मिळाली, काहींना नाही. जोडणी मिळालेले लोक घरात कोंडून बसले का? उलट, ते इतरांच्या सुमारे तिप्पट शेजाऱ्यांना नावाने ओळखत होते. बांधकामातल्या त्रुटींवरून बिल्डरला जाब विचारायला ते त्या यादीवरूनच एकत्र आले. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या नागपूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एरवी ‘सुप्रभात’च्या फुलांचा पूर असतो. त्या पहाटे तिथे एकच ओळ आली: ‘कोपऱ्यावरच्या आजी तळमजल्यावर एकट्या आहेत, कोणीतरी जा.’ गेली ती ज्यांनी आजींशी कधी दोन शब्दही बोलले नव्हते अशी दोन मुलं. त्यांनी आजींना खुर्चीसकट वर नेलं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की, नोकरीची खबर बरेचदा जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून मिळते; जिवलगांना आपल्यालाच ठाऊक असलेलं ठाऊक असतं. अशा शेकडो तोंडओळखी समाजमाध्यमं जिवंत ठेवतात. वर्धा रोडवरून पुण्याला गेलेला वर्गमित्र पूर्वी कायमचा सुटायचा.

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला, तेव्हा मोबाइलवरून अफवा पसरल्या. हे मी नाकारत नाही, त्याची मला चीड आहे. पण अनोळखी माणसाने पुढे ढकललेला मजकूर आणि शेजाऱ्यांचा ग्रुप यांना एकाच तराजूत तोलू नका.

राहिला प्रतिपक्षाने दाखला दिलेला २०१८चा अमेरिकेतला प्रयोग. चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांनी मित्र-कुटुंबासोबत जास्त वेळ घालवला. त्यांना बातम्यांची माहितीही कमी राहिली, हे मात्र प्रतिपक्षाने सांगितलं नाही. आणि त्या प्रयोगाने व्यक्तीचा वेळ मोजला, वस्तीची एकी नव्हे. वस्तीतली माणसं एकमेकांना कमी ओळखू लागली, हे दाखवणारा एक अभ्यास प्रतिपक्षाने पुढच्या फेरीत मांडावा.