कुल्हडातला आल्याचा चहा, फणसाखाली

साखळीहून वाळपईला जाताना होंडा गाव मागे पडलं की डाव्या हाताला फणसाचं झाड. त्याखाली निळी ताडपत्री, दोन बाकं, आणि संध्याकाळी चारपासून पेटलेली शेगडी.

वरचा फोटो डिसेंबरातला, पावणेसहाचा, मोबाइलवर काढलेला. वाफ खरी आहे. सूर्य कुल्हडाच्या मागे, जरासा डावीकडे, आणि पाठीला फणसाचं काळपट खोड, म्हणून ती दिसते. चारच्या उन्हात तोच चहा तितकाच गरम असतो, वाफ मात्र कुणाच्या नजरेला पडत नाही. कुल्हडाचा टवका उडालेला आहे, बाकावर कुणाचं तरी हेल्मेट आहे. तेही तसंच राहू दिलं.

चहा एका वेळी फक्त एक लिटरचा. अर्धा लिटर पाण्यात 25 ग्रॅम ठेचलेलं आलं चार मिनिटं खळखळ उकळतं, मग चार मोठे चमचे दाणेदार पूड, 70 ग्रॅम साखर, आणि दोन मिनिटांनी अर्धा लिटर दूध. आलं दुधात कच्चं टाकलं तर दूध फाटतं, म्हणून त्याला आधी पाण्यात उकळी. तीनदा वर आला की उतरवायचा. आटून साधारण नऊ कुल्हड निघतात. उरलेला चहा पुन्हा तापवून दिला जात नाही, तो कडवट होतो. म्हणून गर्दीत पाच-सात मिनिटं थांबावं लागेल.

कुल्हड बिनझिलईचे, लाल मातीचे, 120 मिलिलिटरचे. चहा 100 मिलिलिटर. प्रत्येक कुल्हड बोटाने टिचकी मारून बघतो: टणक आवाज आला तर भरायचा, बद्द वाजला तर तडा आहे, बाजूला. मग दहा मिनिटं पाण्यात आणि उपडा निथळत. कोरडा कुल्हड चहा पिऊन टाकतो आणि मातीचा कण जिभेवर येतो. ओला राहिला तर चहा पाणचट. एकदा वापरलेला पुन्हा भरत नाही, कारण माती सच्छिद्र, आत दूध मुरतं. रिकामा कुल्हड टोपलीत टाका, गटारात नको. भाजलेली माती सहजी विरघळत नाही, लोकांना वाटतं तशी.

कुल्हड चहा 20 रुपये. काचेच्या ग्लासात तोच चहा 12. बिनसाखरेचा आधी सांगा, वेगळा टाकावा लागतो. सोबत उंडा पाव आणि कांदाभजी 30, पाचनंतर, संपेपर्यंत.

रोज 4 ते 8. सोमवारी बंद. पावसाळ्यात वारं आडवं आलं की शेगडी धरत नाही. ताडपत्री गुंडाळलेली दिसली तर त्या दिवशी नाही.

गाडी झाडाच्या पुढे लावा, वळणावर नको. कदंबा बस तिथे बाहेर फिरून येते.