शंभराला पाच: हौसेनं सट्टा खेळणारा शेवटी का हरतो

(परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या गणित मंडळात शनिवारी दुपारी दिलेलं व्याख्यान)

नमस्कार. मंडळाच्या मुलांनी मला 'सट्टा वाईट का' असा विषय दिला होता, तो मी बदलून घेतला. सट्टा वाईट आहे हे तुम्हाला घरी दहा वेळा सांगून झालेलं आहे, आणि ते ऐकूनही ज्याला खेळायचं तो खेळतोच. मला सांगायचंय ते असं, की हौसेनं डाव लावणारा माणूस हुशार असो, क्रिकेट कोळून प्यालेला असो, डाव वाढत गेले की तो बहुतेक वेळा खड्ड्यातच जातो. आणि हे फळ्यावर दाखवता येतं. त्याला आठवीचं गणित पुरतं.

मागच्या शनिवारी आपण इथंच एक खेळ खेळलो, ते आठवा. ५२ जण होते. प्रत्येकानं २० वेळा नाणं उडवायचं, दर वेळी छापावर १०० रुपये लावायचे. पैसे कागदावरचेच. छाप आला तर ९० मिळणार, काटा आला तर १०० जाणार. बुकीच्या भाषेत भाव १.९०. मी खजिनदार होतो. शेवटी हिशेब केला तेव्हा १,०४० डावांत छाप आले ५१७, म्हणजे जवळजवळ निम्मे. नाण्यानं कुणावर अन्याय केला नाही. तरी माझ्या खजिन्यात ५,७७० रुपये उरले होते.

पण तुम्हाला ते ५,७७० दिसलेच नाहीत. दिसले ते २१ जण, जे नफ्यात होते. मागच्या बाकावरच्या एकाला १५ छाप पडले, ८५० रुपये सुटले, आणि तो शेजाऱ्याला समजावून सांगत होता की अंगठा नाण्याच्या कडेला लावला की छाप जास्त पडतो. मी त्याला दोष देत नाही. जिंकलेल्या माणसाला कारण लागतंच, आणि ते त्याला दोन मिनिटांत सापडतं. सट्ट्याच्या धंद्याला अशी माणसं लागतात, कारण गावभर बोलतात ती तीच. उरलेले ३१ गप्प बसतात.

आता भावाकडे बघू. छापाची खरी शक्यता निम्मी, तेव्हा सरळ भाव २ व्हायला हवा: १०० लावले तर २०० परत. आपल्याला मिळाले १९०. दोन डावांत २०० लावले, एक जिंकला, एक हरला, हातात १९०. दहा गेले, म्हणजे शंभराला पाच. तुमच्यापैकी बरीच लेकरं शेतकऱ्याच्या घरची आहेत, मोंढा पाहिलेली आहेत. सोयाबीनला तेजी असो की मंदी, आडत्याची आडत काही सुटत नाही. बुकी हा आडत्याच आहे. कोण जिंकतं याच्याशी त्याला फार देणंघेणं नसतं, दोन्हीकडून पैसा आला की त्याची आडत निघते. फरक एवढाच की मोंढ्यात आडत पट्टीवर लिहिलेली दिसते, इथं ती भावात मुरवलेली असते.

ती बाहेर काढायची युक्ती सोपी आहे. समजा मॅचमध्ये एका संघाचा भाव १.६० आणि दुसऱ्याचा २.३०. शंभरला दोन्ही भावांनी भागा. पहिल्याचे साडेबासष्ट, दुसऱ्याचे साडेत्रेचाळीस. बेरीज १०६. शक्यतांची बेरीज १०० असायला हवी. वरचे सहा कुठून आले? तीच आडत. गावाकडचा बुकी लगाई-खाईत भाव सांगतो, म्हणजे संघ जिंकेल यावर लावायचा एक आकडा आणि हरेल यावर लावायचा दुसरा, तिथं दोन आकड्यांमधला जो फरक असतो तोही हाच. मटक्यात तर ती उघडीच आहे. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ. मटक्याची सुरुवात कापसापासून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर मुंबईत पैसे लागायचे, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, आणि कल्याणजी भगत, मग रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर तोच धंदा चालवला. कापूस गेला, रुपयाला नऊ राहिले.

"सर, शंभराला पाचच ना? पिक्चरचं तिकीट यापेक्षा महाग आहे." हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. पाच टक्के जातात ते तुमच्या खिशातल्या पैशाचे नव्हेत, लावलेल्या पैशाचे. खिशात १,००० आहेत. ते सगळे एकदा फिरवले, सरासरी ९५० आले. ते पुन्हा लावले. असे दहा फेरे झाले की सरासरी ६०० च्या आत येता. आयपीएलच्या मोसमात दहा फेरे व्हायला एक आठवडा लागत नाही, कारण आता नुसती मॅच नसते. सेशन असतं, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा डाव, ओव्हर असते, पुढच्या चेंडूवर काय होईल हेही असतं. दर डावाला आडत.

डावांची संख्या वाढली की काय होतं, ते मी मोजून आणलंय. याच नाण्याच्या, याच भावाच्या खेळात २० डावांनंतर १०० पैकी साधारण ४१ जण नफ्यात असतात. ४०० डावांनंतर १५. आणि २,००० डावांनंतर? एखादा. दर डावातलं नशिबाचं वरखाली एकमेकांना खात जातं, आडत मात्र एकाच दिशेनं साचत जाते. चार डाव खेळून बाजूला झालेला जिंकलेला असू शकतो. रोज खेळणारा, वर्षानुवर्षं खेळणारा, त्याला निसटायला जागा उरत नाही. आणि जो जिंकतो तोच उद्या जास्त खेळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मग क्रिकेटचं ज्ञान? नाण्याला मेंदू लागत नाही, मॅचला लागतो, हे खरं आहे. पण पिच कोरडं आहे, मुख्य गोलंदाज जखमी आहे, रात्री दव पडणार आहे, हे तुम्हाला कळलं तेव्हा भाव लावणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. ते भावात आलेलं असतं. तुम्हाला नुसतं बरोबर असून भागत नाही, भावापेक्षा जास्त बरोबर असावं लागतं. १.९० च्या भावात नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी जवळपास ५३ डाव जिंकावे लागतात. समजा कुणी खरंच ५४ जिंकणारा निघाला. त्याला शंभरामागे सुटतात २ रुपये ६० पैसे. आणि तो खरंच ५४ वाला आहे की नुसता नशीबवान, हे ४०० डावांनंतरही ठामपणे सांगता येत नाही. प्रमाण विचलन काढून बघा, तिसऱ्या सत्राच्या मुलांना येईल. असे लोक जगात आहेत, मी नाकारत नाही. ते संगणकावर प्रारूपं चालवतात, पूर्णवेळ तेच काम करतात, आणि जिथं सट्टा कायदेशीर आहे तिथं कंपन्या त्यांची मर्यादा कमी करतात किंवा त्यांचं खातंच बंद करतात. हरणाऱ्याचं खातं कुणी बंद केल्याचं ऐकलंय?

चार मॅच एकत्र लावायचा प्रकार तुम्हाला आकर्षक वाटतो, कारण शंभराचे तेराशे होतात. बरोबरीच्या चार लढती, चारही १.९० भावाच्या. १.९० चा चौथा घात १३.०३. खरी शक्यता सोळात एक. सरळ भाव १६ हवा होता. आडत पाचावरून साडेअठरावर गेली. बक्षीस जितकं मोठं दिसतं, तितका बुकीचा हात तुमच्या खिशात खोल गेलेला असतो.

आणि दुप्पट लावत जायची पद्धत. वसतिगृहात ही पद्धत प्रत्येक पिढी नव्यानं शोधते. हरलो की दुप्पट, कधीतरी जिंकणारच. १०० पासून सुरू करा. सलग सात हरलात की गेले १२,७००, आठवा डाव १२,८०० चा, आणि तो जिंकलात तरी भाव १.९० असल्यामुळे पदरात १२,७०० नाही, ११,५२० पडतात. म्हणजे जिंकूनही खड्डा भरत नाही. २०० वेळा नाणं उडवलं तर सलग सात काटे कुठंतरी येण्याची शक्यता साधारण निम्मी. 'इतक्या वेळा हरलो, आता तर येणारच' हे नाण्याला माहीत नसतं. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेचं चाक सलग २६ वेळा काळ्यावर थांबलं, आणि लोक दर वेळी लालवर जास्त पैसे टाकत गेले.

आता एक खरी गोष्ट. नाव सांगणार नाही, तो आता नोकरीला लागलाय, आणि सांगायला त्याचीच परवानगी आहे. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मी दोन मोसमांत मिळून पाच-सहा हजार प्लसमध्ये आहे, पण मेसचे पैसे उरत नाहीत." मी त्याला फोनमधला पैशांच्या व्यवहारांचा इतिहास उघडायला लावला. आम्ही दोघं टेबलाशी बसलो, मी रकाने आखले. गेलेले: ४१ वेळा, एकूण ३८,४००. आलेले: ७ वेळा, १४,९००. तो तिसऱ्यांदा बेरीज करत होता आणि त्याचा हात थांबला. २३,५०० रुपये. तो खोटं बोलत नव्हता. सात वेळा पैसे आले तेव्हा मेसेजची घंटी वाजली, मित्रांना दाखवलं, चहा पाजला. एक्केचाळीस वेळा गेले तेव्हा पाचशे-हजार असे गेले, गुपचूप. मन जिंकलेलं जपून ठेवतं आणि हरलेल्याला 'थोडक्यात हुकलं' असं नाव देतं. त्याच्या वडिलांची कोरडवाहू चार एकर आहे. २३,५०० म्हणजे त्या घराला काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी खेळत असेल तर आज रात्री एवढंच करा: दोन रकाने आखा, गेले आणि आले. आठवणीतून नको, बँकेच्या नोंदीतून. उसने घेतलेले आणि बुकीकडची उधारीही त्यात धरा.

कायद्याचं थोडक्यात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. तरी सट्ट्याच्या साइटवर खेळायला 'आयडी' देणारे फिरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथं जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तुम्ही दाद कुणाकडे मागणार? आडत्यानं पट्टी नाही दिली तर बाजार समितीत तक्रार करता येते. इथं समितीच नाही.

आणि ज्याला थांबायचंय पण थांबता येत नाही, रात्री झोप लागत नाही, त्यानं टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ही कमजोरी नाही. हरलेलं परत मिळवायची ओढ भल्याभल्यांना आवरत नाही.

प्रश्न आता विचारा. सगळ्यांसमोर नको असेल तर सोमवार ते शुक्रवार तीननंतर मी विभागात असतो. दोन रकान्यांचा कागद घेऊन या, बेरीज आपण मिळून करू. तिथं ऐकलेलं माझ्याकडून घरी जाणार नाही.